अक्रोडाचा स्क्रब, मिठाचे कण आणि गालांवरचा काळसरपणा

प्रश्न: वय २९, राहते ठाण्याला, नोकरी लोअर परळला. लोकलमधला घाम आणि धूळ म्हणून गेले काही महिने आठवड्यातून तीन-चार वेळा अक्रोडाच्या कवचाचा स्क्रब लावते आहे. सुरुवातीला चेहरा अगदी गुळगुळीत वाटायचा. आता दोन्ही गालांवर काळसर पट्टे आलेत आणि साधं पाणी लागलं तरी चुरचुरतं. मावशी म्हणते मीठ-लिंबाचा घरगुती स्क्रब कर, मैत्रीण म्हणते ग्लायकोलिक अ‍ॅसिड लाव. स्क्रबने त्वचेला खरंच बारीक चिरा पडतात का? आणि अ‍ॅसिड म्हणजे त्याहून वाईट नाही का?

उत्तर: स्क्रब आजपासून थांबवा, मिठाकडे वळू नका आणि ग्लायकोलिक अ‍ॅसिडही किमान चार आठवडे लावू नका. ते नीट निवडून आणि नीट वापरले, तर स्क्रबपेक्षा बरे असते हे मी मान्य करतो, पण आज तुमच्या गालांची जी अवस्था आहे त्यावर ते लावल्यास काळेपणा कमी होण्याऐवजी वाढेल. असे का, हे समजण्यासाठी स्क्रबचा कण नेमका कोणत्या थरावर फिरतो ते आधी पाहावे लागेल.

त्वचेचा सर्वांत वरचा थर, ज्याला आम्ही शृंगस्तर म्हणतो, चेहऱ्यावर साधारण १० ते २० मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहूनही पातळ असतो. त्यात चपट्या मृत पेशींचे पंधरा-एक पदर असतात आणि त्या पेशींमध्ये सिरामाइड, कोलेस्टेरॉल व स्निग्धाम्ले यांचा लेप असतो. आतले पाणी बाहेर जाऊ न देणे आणि साबण, धूळ, जंतू आत येऊ न देणे ही दोन्ही कामे हाच थर करतो. त्या पेशी मृत असल्या तरी निरुपयोगी नाहीत. ‘डेड स्किन’ म्हणून जे मळासारखे घासून काढले जाते, तेच खरे तर त्वचेचे संरक्षण असते. शिवाय हा थर आपणहून झडत असतो. पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारे प्रथिनांचे बारीक टाके त्वचेतलीच विकरे कापत राहतात, रोज साधारण एक पदर नकळत गळून पडतो आणि दोन आठवड्यांच्या आसपास संपूर्ण शृंगस्तर नवा होतो. निरोगी तरुण चेहऱ्याला यासाठी बाहेरून मदत लागत नाही, ही गोष्ट स्क्रबच्या जाहिरातींत कधीच सांगितली जात नाही.

आता कणाचा आकार पाहा. स्वयंपाकातल्या बारीक मिठाचा एक दाणा साधारण ०.३ मिलिमीटरचा, म्हणजे ३०० मायक्रोमीटरचा असतो. अक्रोडाच्या कवचाची किंवा जर्दाळूच्या बीची भुकटी कितीही बारीक दळली, तरी बोटांना रवाळ लागते तोवर तिचे कण शंभर मायक्रोमीटरच्या पुढेच असतात. म्हणजे ज्या थराला घासायचे, त्याच्या पाच ते तीस पट जाड कण आपण बोटाच्या दाबाने त्यावर फिरवतो. एवढा मोठा कण ‘फक्त वरचे दोन पदर’ काढून थांबेल, अशी अपेक्षाच करता येत नाही. तो जिथे टेकतो तिथे जास्त खरवडतो आणि दोन कणांच्या मधली जागा तशीच राहते. गालाच्या हाडावर, नाकाच्या कडेला आणि हनुवटीवर दाब जास्त पडतो, त्यामुळे तिथले नुकसानही जास्त होते. तुमचे पट्टे गालाच्या उंचवट्यावर असतील आणि डोळ्यांखालची मऊ जागा तुलनेने स्वच्छ असेल, तर ते घासण्यानेच आले असण्याची शक्यता मोठी आहे.

कवच फुटते तेव्हा त्याचे गोल दाणे होत नाहीत, तर धारदार कडा आणि टोके असलेले वेडेवाकडे तुकडे होतात. कवच पाण्यात विरघळत नाही, म्हणून मिनिटभर घासा किंवा पाच मिनिटे घासा, शेवटच्या क्षणीही कण तितकाच टोकदार राहतो. मिठाचे स्फटिक चौकोनी आणि कडांना तीक्ष्ण असतात. पाण्यात ते विरघळतात, पण १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे ३६ ग्रॅमच मीठ मावते, आणि ओल्या चेहऱ्यावर असते त्या दोन-चार थेंब पाण्यात फारच थोडे विरते, त्यामुळे बाकीचे मीठ घासतच राहते. साखर मात्र तेवढ्याच पाण्यात सुमारे २०० ग्रॅम विरघळते, म्हणून साखरेच्या कडा लवकर बोथट होतात. या तिघांत साखर त्यातल्या त्यात सौम्य आहे, इतकेच तिच्याबद्दल म्हणता येईल. चेहऱ्यासाठी मी तीही सुचवत नाही. खरवडलेल्या जागेवर मिठाचे दाट द्रावण पेशींतले पाणी ओढून घेते आणि उघड्या मज्जातंतूंना झोंबते. ती चुरचुर म्हणजे ‘स्वच्छ होण्याची खूण’ नव्हे, थर फाटल्याची खूण आहे. मावशींच्या मिश्रणातल्या लिंबाची अडचण निराळी आहे. लिंबाच्या रसाचा पीएच दोनच्या आसपास असतो, म्हणजे चेहऱ्यासाठी बाजारात मिळणाऱ्या घरगुती वापराच्या बहुतेक आम्लांपेक्षा तो अधिक तीव्र असतो, आणि त्याचे प्रमाण मोजण्याचे साधन कोणाकडे नसते. त्याखेरीज लिंबूवर्गातल्या काही फळांच्या सालीत असे पदार्थ असतात, जे उन्हाबरोबर मिळून त्वचा भाजतात आणि तिथे गडद डाग सोडतात.

‘बारीक चिरा’ या शब्दांवर इतका वाद झाला आहे की त्याचे उत्तर नेमके द्यायला हवे. अक्रोडाच्या कवचाच्या एका लोकप्रिय स्क्रबविरुद्ध अमेरिकेत २०१६ साली दावा दाखल झाला होता, आणि या कणांमुळे त्वचेला सूक्ष्म चिरा पडतात हा त्यातला मुख्य आरोप होता. २०१८ साली न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला, कारण अशा चिरांमुळे ग्राहकाला खरोखर इजा होते हे वादींना पुराव्याने दाखवता आले नाही. हा निकाल स्क्रब निर्दोष असल्याचे प्रमाणपत्र म्हणून पुष्कळदा पुढे केला जातो, पण तो तसा नाही. डोळ्यांना दिसेल, रक्त येईल अशी चीर स्क्रबने सहसा पडत नाही, हे खरे आहे. नुकसान त्याहून उथळ आणि अधिक पसरलेले असते: शृंगस्तर ठिकठिकाणी फाटतो, त्यातला स्निग्ध लेप विस्कटतो आणि त्वचेतून बाष्परूपाने निघून जाणारे पाणी वाढते. या पाण्याचे मोजमाप करता येते. त्वचाविज्ञानात चिकटपट्टी लावून ती पुन्हा पुन्हा ओढून शृंगस्तराचे पदर एकेक करून काढण्याचा प्रयोग अनेक दशके केला जात आहे, आणि थर जितका कमी होतो तितकी बाष्पगळती वाढते, हे त्यात प्रत्येक वेळी दिसते. धारदार कणाने हेच काम असमान पद्धतीने होते. म्हणून चीर हा शब्द वापरायचा असेल तर वापरावा, पण तुमच्या त्रासाचे मूळ गळक्या झालेल्या थरात आहे, हे लक्षात ठेवावे. पाणी चुरचुरते ते त्यामुळेच, आणि लोकलच्या गर्दीत घाम गालावर ओघळताना झोंबत असेल तर तेही त्यामुळेच.

पुढचा भाग आपल्या रंगाच्या त्वचेसाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. शृंगस्तराखालच्या जिवंत पेशींमध्ये इंटरल्युकिन-१ अल्फा नावाचे रसायन तयार होऊन साठलेले असते. ओरखडा पडला की ते ताबडतोब बाहेर पडते आणि दाह सुरू होतो. गोऱ्या युरोपीय त्वचेत हा दाह लाली म्हणून दिसतो आणि काही दिवसांत ओसरतो. आपल्याकडच्या गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत लाली फारशी उठून दिसत नाही, पण त्या दाहाने रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी चेतवल्या जातात आणि मेलॅनिन जास्त तयार होऊ लागते. काळेपणा दिसायला एक-दोन आठवडे जातात आणि तो जायला तीन ते सहा महिने, कधी त्याहून अधिक काळ लागतो. कारण आणि परिणाम यांत असे अंतर पडल्यामुळे बहुतेकांच्या लक्षात संबंध येत नाही. गाल काळवंडलेला दिसतो, तो मळ किंवा टॅन वाटतो आणि तो काढण्यासाठी आणखी जोराने स्क्रब केला जातो. माझ्याकडे येणाऱ्या तरुण मुलींमध्ये, आणि अलीकडे मुलांमध्येही, हे चक्र मी सतत पाहतो. तुम्हीही आठवून पाहा: पट्टे दिसू लागल्यावर स्क्रबची वारंवारता कमी झाली होती की वाढली होती?

मग सुरुवातीला चेहरा गुळगुळीत का वाटला, हेही सांगायला हवे, कारण तो अनुभव खोटा नव्हता. वरचे सैल पदर निघाल्यावर प्रकाश अधिक समान परततो आणि बोटाला पृष्ठभाग सपाट लागतो. शिवाय ओरखड्यांनंतर त्वचेला किंचित सूज येते आणि त्या सुजेने छिद्रे काही तास लहान दिसतात. तरुण त्वचेचा थर एकदा विस्कटला तर साधारण तीन दिवसांत बहुतांशी भरून येतो. तुम्ही आठवड्यातून तीन-चार वेळा घासत होतात, म्हणजे आधीची दुरुस्ती पुरी होण्याआधीच पुढचा घाव बसत होता. पहिले काही आठवडे त्वचेने हे निभावून नेले आणि मग तिची ताकद संपली. मुंबईच्या आंघोळीची पद्धतही यात भर घालते. गरम पाण्याने अंघोळ करताना, त्यातून पावसाळ्याच्या दमट हवेत, शृंगस्तर पाणी पिऊन फुगलेला आणि मऊ झालेला असतो. अशा ओल्या त्वचेवर घर्षण कोरड्या त्वचेपेक्षा जास्त होते आणि पदर सहज सुटतात, त्यामुळे त्याच दाबाने जास्त खरवडले जाते.

आता अ‍ॅसिडबद्दल. नावामुळे भीती वाटते, पण ही आम्ले पेशी जाळत नाहीत, निदान घरगुती वापराच्या प्रमाणात तरी नाही. पेशींना बांधून ठेवणारे जे टाके त्वचेतली विकरे कापतात असे वर म्हटले, ते टाके ही आम्ले सैल करतात. पेशी ओरबाडली न जाता सुटी होते, आणि आम्ल सगळीकडे सारखे पसरत असल्यामुळे गालाच्या हाडावर जास्त आणि खळीत कमी असे होत नाही. हा फरक मूलभूत आहे. ग्लायकोलिक आम्लाचा रेणू या कुटुंबात सर्वांत लहान, म्हणून ते लवकर आणि खोल शिरते आणि झोंबतेही जास्त. लॅक्टिक त्याहून थोडे मोठे आणि सौम्य, मँडेलिक त्याहूनही मोठे आणि सावकाश शिरणारे. सॅलिसिलिक आम्ल तेलात विरघळते, त्यामुळे ते तेलकट छिद्राच्या आत जाऊ शकते, जे बाकीच्यांना फारसे जमत नाही.

बाटलीवर लिहिलेली टक्केवारी मात्र एकटी काही सांगत नाही, तिच्यासोबत पीएच पाहावा लागतो, कारण आम्लाचा जो अंश मोकळा असतो तोच काम करतो. ग्लायकोलिक आम्लाच्या बाबतीत पीएच ३.५ असेल तर सुमारे दोनतृतीयांश अंश मोकळा असतो, पीएच ४ ला सुमारे ४० टक्के, आणि पीएच ५.५ ला जेमतेम दोन टक्के. म्हणजे ‘१० टक्के ग्लायकोलिक’ असे लिहिलेल्या दोन बाटल्यांपैकी एक त्वचा सोलू शकते आणि दुसरी जवळपास काहीच करत नाही. घरगुती वापरासाठी १० टक्क्यांपर्यंत आणि पीएच ३.५ च्या खाली नाही, ही मर्यादा सर्वसाधारणपणे सुरक्षित मानली जाते. ३० टक्क्यांची पील ऑनलाइन सहज मिळते, पण ती घरी लावण्याची वस्तू नाही. आमच्या दवाखान्यात ती घड्याळ समोर ठेवून लावली जाते, मिनिटे मोजली जातात, निष्प्रभ करणारे द्रावण हाताशी असते, आणि तरीही सावळ्या त्वचेवर आम्ही ती जपूनच वापरतो.

तुमच्या बाबतीत क्रम असा ठेवावा. पहिले चार आठवडे फक्त दुरुस्तीचे. सकाळी नुसत्या कोमट पाण्याने आणि रात्री फेस कमी येणाऱ्या सौम्य क्लेन्झरने चेहरा धुवावा, बोटांच्या पेरांनी, अर्ध्या मिनिटाहून जास्त नाही, आणि टॉवेलने पुसण्याऐवजी टिपून घ्यावे. चेहरा ओलसर असतानाच सिरामाइड आणि ग्लिसरीन असलेले मॉइश्चरायझर दोन्ही वेळा लावावे. झोपताना गालांच्या उंचवट्यावर पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात फिरवला तर दुरुस्ती सुकर होते; मात्र मुरमे येत असतील तिथे जेली टाळावी. या काळात फेसपॅक, टोनर, व्हिटॅमिन सी सीरम, पार्लरचे फेशियल आणि ब्लीच, सगळे बंद. ब्लीचबद्दल विशेष सांगतो. लग्नाच्या आधी स्क्रब, वाफ आणि लगेच ब्लीच असा क्रम पार्लरमध्ये सर्रास चालतो, आणि खरवडलेल्या त्वचेवर अमोनिया व हायड्रोजन पेरॉक्साइड गेल्यामुळे भाजलेले चेहरे लग्नसराईत हमखास पाहायला मिळतात.

सनस्क्रीनवाचून यातले काहीच उपयोगी पडणार नाही. एसपीएफ ३० किंवा अधिक, चेहरा आणि मानेसाठी तर्जनी व मधल्या बोटाच्या लांबीइतक्या दोन रेघा, घराबाहेर पडण्याआधी. आपल्या त्वचेत काळेपणा केवळ अतिनील किरणांनी नव्हे तर साध्या दृश्य प्रकाशानेही वाढतो, आणि पांढऱ्या सनस्क्रीनने तो पुरेसा अडत नाही. म्हणून आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाची छटा असलेले सनस्क्रीन घेतल्यास उत्तम. दुपारी जेवायला बाहेर जात असाल तर त्याआधी घाम टिपून पुन्हा लावावे. ठाण्याहून परळला पोचेपर्यंत घामाने चेहरा निथळतो याची मला कल्पना आहे. त्यावर उपाय स्क्रब नाही, खिशातला मऊ सुती रुमाल आणि ऑफिसात पोचल्यावर साध्या पाण्याचा हबका एवढाच आहे. घाम आणि धूळ पाण्याने आणि सौम्य क्लेन्झरने निघून जातात, त्यासाठी पेशी काढाव्या लागत नाहीत.

चार आठवड्यांनी एक साधी चाचणी करावी. चेहरा धुऊन काहीही न लावता दहा मिनिटे थांबावे आणि मग नेहमीचे मॉइश्चरायझर लावावे. ताण, खाज किंवा चुरचुर जाणवली नाही, तर थर बऱ्यापैकी भरला आहे असे समजावे. जाणवली, तर आणखी दोन आठवडे थांबावे. त्यानंतर एकच आम्ल निवडावे. नाकावर आणि हनुवटीवर काळे ठिपके, तेलकटपणा आणि बारीक पुळ्या असतील तर सॅलिसिलिक, १ ते २ टक्के. त्वचा कोरडी असेल आणि काळेपणा हाच मुख्य प्रश्न असेल तर लॅक्टिक ५ टक्के किंवा मँडेलिक ५ ते १० टक्के. ग्लायकोलिक तुमच्यासाठी पहिली निवड नव्हे, मैत्रिणीला ते कितीही मानवले असले तरी. गरोदर असाल किंवा अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल तर सॅलिसिलिक स्वतःहून सुरू करू नये.

निवडलेले आम्ल आधी जबड्याच्या कडेला, कानाखाली, एका रुपयाएवढ्या जागेवर तीन रात्री लावून पाहावे. तिथे काही झाले नाही तर आठवड्यातून दोन रात्री, मधे किमान दोन दिवसांचे अंतर ठेवून, कोरड्या चेहऱ्यावर मटाराच्या दाण्याएवढे लावावे आणि पंधरा मिनिटांनी मॉइश्चरायझर. महिनाभर हेच चालू द्यावे. त्वचेला मानवले तर तिसरी रात्र वाढवता येते, त्यापुढे वाढवण्याची चेहऱ्याला सहसा गरज पडत नाही. लावल्यावर एखादे मिनिट हलकी सुई टोचल्यासारखी जाणीव होणे चालते. पाच मिनिटांनीही जळजळ राहिली तर धुऊन टाकावे. वॅक्सिंग किंवा थ्रेडिंग करायचे असेल तर आधीच्या आणि नंतरच्या दोन-तीन रात्री आम्ल लावू नये, कारण धाग्याबरोबर सैल झालेली त्वचाच निघून येते. आणि ही आम्ले चालू असताना त्वचा उन्हाला अधिक हळवी होते, म्हणून ज्या दिवसांत सनस्क्रीन लावणे होणार नाही, त्या दिवसांत आम्लही नको.

अ‍ॅसिडनेही थर उद्ध्वस्त होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. फरक एवढाच की त्याचे प्रमाण आपल्या हातात असते, कणाचे नसते. अति झाल्याची खूण फसवी असते: त्वचा काचेसारखी चमकू लागते आणि लोक कौतुक करतात. पण ती चमक ताणलेली असते, हसताना गाल आखडतो, बारीक सुरकुत्यांची जाळी दिसते आणि पूर्वी मानवलेले क्रीमही झोंबू लागते. असे दिसले की आम्ल बंद करून पुन्हा पहिल्या चार आठवड्यांच्या क्रमावर यावे. आम्ल, रेटिनॉल आणि स्क्रब एकाच आठवड्यात एकाच चेहऱ्यावर आले, तर ही वेळ फार लवकर येते.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. औषधाच्या दुकानातून उजळपणासाठी म्हणून आणलेले एखादे मलम तुम्ही कधी वापरत होतात का? अशा अनेक मलमांत हायड्रोक्विनोनबरोबर स्टिरॉइड असते. त्याने त्वचा मुळातच पातळ होते, आणि त्यावर अक्रोडाचा कण फिरला तर नुकसान कितीतरी खोल जाते. उत्तर ‘हो’ असेल, तर वरचा क्रम स्वतःहून न पाळता ते मलम घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे, कारण ते एकाएकी बंद केल्यावर चेहरा लालबुंद होऊन पुळ्यांनी भरण्याचा प्रकार होतो आणि त्याला वेगळे उपचार लागतात.

पुळ्यांवरून घासणे ही आणखी एक वेगळी चूक. बंद छिद्राची भिंत त्वचेखाली फुटते, आतला ऐवज आजूबाजूला पसरतो आणि साध्या ठिपक्याची दुखरी गाठ होते. काही वेळा ज्या बारीक चपट्या पुळ्या मुरमे वाटतात, ते विषाणूमुळे आलेले चपटे चामखीळ असतात. त्यांवर स्क्रब फिरवला की विषाणू ओरखड्यांत पेरला जातो आणि काही आठवड्यांनी एका रेषेत नव्या पुळ्या उगवतात. अशी रेष दिसली तर ते निदान जवळपास पक्के समजावे.

चेहऱ्यापलीकडे दोन ठिकाणांचा उल्लेख करतो, कारण विचारणारे बरेच असतात. पाठीचा वरचा भाग, दंड आणि नडग्या यांवर नायलॉनच्या जाळीने, घोसाळ्याच्या वाळलेल्या जाळीने किंवा काथ्याने रोज घासणाऱ्यांमध्ये हाडाच्या उंचवट्यांवर तपकिरी, कधी लहरींसारखा काळेपणा येतो. आमच्याकडे ही नेहमीची तक्रार आहे. जपानमध्ये नायलॉनच्या टॉवेलमुळे होणाऱ्या याच प्रकाराची नोंद त्वचारोगतज्ज्ञांनी फार पूर्वीच करून ठेवली आहे. घासणे थांबवल्याशिवाय त्यावर कोणतेही क्रीम काम करत नाही. टाचा मात्र अपवाद आहेत. तळपायाचा शृंगस्तर चेहऱ्याच्या कित्येक पट जाड असतो, म्हणून तिथे भिजवलेल्या पायावर वजरी हलकी फिरवायला हरकत नाही, आणि नंतर १० ते २० टक्के युरियाचे क्रीम लावावे. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर तेही करू नये.

दिवाळीच्या उटण्याबद्दल चिंता नको. आपल्या पद्धतीत आधी तेलाने अभ्यंग होते, मग वस्त्रगाळ केलेले उटणे दुधात किंवा पाण्यात कालवून लावले जाते, तेलाचा थर मधे असल्याने घर्षण कमी होते आणि हे सगळे वर्षातून मोजके दिवस असते. तेच उटणे किंवा मसुरीच्या डाळीचे जाडसर पीठ कोरड्या चेहऱ्यावर दिवसाआड चोळले, तर ते अक्रोडाच्या स्क्रबहून फारसे निराळे राहत नाही. वस्तू घरची आहे म्हणून त्वचा ती वेगळी मोजत नाही.

सुधारणा ओळखण्यासाठी आरशावर विसंबू नये. दर दोन आठवड्यांनी एकाच खिडकीशी, एकाच वेळी, दिवा न लावता फोटो काढावा. चुरचुर दोन-तीन आठवड्यांत कमी व्हायला हवी, रंगात फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. तीन महिन्यांनीही पट्टे तसेच असतील, त्यांची छटा तपकिरी नसून करडी-निळसर असेल, किंवा ते कपाळावर आणि वरच्या ओठावरही सारखेच पसरले असतील, तर कारण केवळ स्क्रब नसून वांग किंवा लायकेन प्लॅनस पिग्मेंटोसस यांसारखा विकार असू शकतो. तेव्हा डर्मोस्कोपने, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने, तपासणी करून घ्यावी, आणि तपासणीला जाताना आजवर चेहऱ्यावर लावलेल्या सगळ्या बाटल्या आणि ट्यूब, रिकाम्या असल्या तरी, पिशवीत घालून सोबत न्याव्यात.